दोन खेळाडू, एक स्क्रीन: को-ऑप गेममधला झूम हिसक्याविना कसा चालतो

एकाच टीव्हीसमोर बसून दोघे जण जो गेम मिळून खेळतात, त्याला लोकल को-ऑप म्हणतात. कंट्रोलर दोन असतात, पात्रं दोन असतात, पण चित्र दाखवणारा कॅमेरा एकच असतो. एक जण उजवीकडे पळतो, दुसरा मागे थांबून पेटी उघडत बसतो, आणि दोघांनाही आपलं पात्र कायम डोळ्यांसमोर हवं असतं. यावरचा सरळ उपाय म्हणजे दोघं लांब गेले की कॅमेरा मागे घ्यायचा आणि जवळ आले की पुढे आणायचा. हा उपाय सांगायला एक वाक्य पुरतं. तो असा राबवायचा की खेळणाऱ्याला कॅमेरा हलल्याचं जाणवूच नये, हे काम मात्र पुष्कळ नाजूक आहे.

सुरुवातीच्या गेमना झूम करणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी खेळाडूंना बांधून ठेवलं. अटारीच्या १९८५ सालच्या ‘गॉन्टलेट’मध्ये चार जण एकत्र खेळत, पण स्क्रीनच्या कडा भिंतीसारख्या होत्या आणि सगळे पुढे सरकल्याशिवाय चित्र सरकत नसे. कोनामीचा ‘काँट्रा’ याहून कठोर होता. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओगेमवर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत तो खेळला गेला, आणि त्यातली धबधब्याची पातळी अनेकांच्या लक्षात आहे. वरचा भराभर चढत गेला की चित्र त्याच्याबरोबर वर सरकायचं आणि खाली राहिलेला जोडीदार स्क्रीनच्या तळाला लागून मरायचा. शत्रूची गोळी न लागताही त्या पातळीत जीव जायचे, ते केवळ कॅमेऱ्यामुळे.

अंतरानुसार झूम बदलण्याची कल्पना आधी मारामारीच्या गेममध्ये रुजली. एसएनकेच्या निओ जिओ यंत्रावरच्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’मध्ये १९९२ साली आणि पुढच्याच वर्षी ‘समुराय शोडाउन’मध्ये दोन योद्धे जवळ आले की मोठे दिसत, लांब गेले की लहान. १९९९ सालच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने तीच कल्पना चार खेळाडूंपर्यंत नेली. आज कोणत्याही गेम इंजिनमध्ये ही सोय चार-पाच ओळींत करता येते.

सगळा हिशेब एका चौकटीचा आहे. दोन्ही पात्रं मावतील एवढी चौकट काढायची, तिच्या चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडायची आणि ती चौकट स्क्रीनच्या आकारात बसवायची. बाजूने दिसणारा सपाट गेम घेऊ. एक पात्र डाव्या टोकापासून २ मीटरवर आहे, दुसरं २२ मीटरवर. अंतर २० मीटर. दोन्ही बाजूंना ३-३ मीटर मोकळी जागा धरली की रुंदी २६ मीटर होते. टीव्हीची रुंदी आणि उंची १६ ला ९ या प्रमाणात असते, म्हणून २६ मीटर रुंद चित्राची उंची १४.६ मीटर लागते. आता उभं अंतर तपासायचं. दोघांच्या उंचीत ४ मीटरचा फरक असेल, तर वर-खाली ३-३ मीटर धरून १० मीटर पुरतात. आडव्या अंतराची गरज मोठी निघाली, म्हणून चित्र १४.६ मीटर उंच ठेवायचं आणि त्याचा मध्य दोघांच्या मधोमध, १२ मीटरवर आणायचा. युनिटी या इंजिनात चित्राच्या उंचीचा निम्मा आकडा द्यावा लागतो, म्हणजे इथे ७.३. त्रिमितीय गेममध्ये हाच आकडा कॅमेऱ्याच्या अंतरात बदलतात. उभा दृष्टिकोन ६० अंशांचा असेल, तर ७.३ ला ३० अंशांच्या टॅन्जंटने भागून कॅमेरा १२.७ मीटर मागे न्यायचा. दृष्टिकोनच रुंद-अरुंद करून झूम साधता येतो, पण त्याने कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात, म्हणून कॅमेरा मागे-पुढे नेणंच बरं.

या झूमला दोन मर्यादा घालाव्या लागतात. दोघं एकमेकांना चिकटून उभे राहिले, तर चित्र इतकं जवळ येऊ नये की पुढचा खड्डाच दिसणार नाही. आणि दोघं दूर गेले, तर पात्रं मुंगीएवढी होऊ नयेत. निम्म्या उंचीची मर्यादा ५ ते १० मीटर ठेवली, तर १.८ मीटर उंचीचं पात्र १०८० पिक्सेलच्या टीव्हीवर जवळून सुमारे १९४ पिक्सेलचं आणि सर्वांत लांबून सुमारे ९७ पिक्सेलचं दिसतं. तोच गेम हातात धरायच्या ७२० पिक्सेलच्या यंत्रावर चालवला, तर लांबून ६५ पिक्सेलच उरतात. वरची मर्यादा ठरवताना हा छोटा पडदाच समोर ठेवलेला चांगला.

इथवर फक्त भूमिती झाली. ती प्रत्येक फ्रेमला जशीच्या तशी लागू केली, तर दोघंही कायम स्क्रीनवर राहतील, पण चित्र सतत थरथरत राहील. पात्राचा प्रत्येक धक्का आणि प्रत्येक वळण थेट कॅमेऱ्यात उतरेल. म्हणून हिशेबाने आलेला आकडा हे लक्ष्य मानायचं आणि कॅमेऱ्याने त्याच्याकडे हळूहळू सरकायचं.

इथे नवशिक्यांकडून एक चूक हमखास होते. ‘दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापायचा’ असा सोपा नियम लिहिला जातो. सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर अर्ध्या सेकंदात ३० वेळा कापणी होते आणि मूळ अंतराचं जेमतेम ४ टक्के उरतं. तोच गेम सेकंदाला ३० फ्रेमच्या यंत्रावर चालला, तर अर्ध्या सेकंदात १५ वेळाच कापणी होते आणि २० टक्के उरतं. म्हणजे बनवणाऱ्याच्या संगणकावर गुळगुळीत वाटलेला कॅमेरा विकत घेणाऱ्याच्या घरी सुस्त होतो. फ्रेमचा वेग मध्येच घसरला, तर कॅमेऱ्याची चालही मध्येच बदलते. कापणी फ्रेमवर न बांधता लोटलेल्या वेळेवर बांधली की हा दोष जातो.

त्याहून चांगली रीत स्प्रिंगची आहे. दाराला डोअर क्लोजर नीट बसवला असेल, तर दार न आपटता, न हेलकावे खाता चौकटीला येऊन टेकतं. कॅमेऱ्याची स्प्रिंगही अशीच जुळवतात. तिला फक्त जागा माहीत नसते, आपला चालू वेगही माहीत असतो, म्हणून लक्ष्य अचानक बदललं तरी कॅमेऱ्याचा वेग शून्यापासून चढत जातो आणि शेवटी उतरत जातो. युनिटीत `Mathf.SmoothDamp` हेच करतं. सगळा हिशेब मिळून एवढाच होतो:

```csharp
float w = Mathf.Abs(a.x - b.x) + 2f * margin;
float h = Mathf.Abs(a.y - b.y) + 2f * margin;
float need = Mathf.Max(h, w / cam.aspect) * 0.5f;
need = Mathf.Clamp(need, minSize, maxSize);
cam.orthographicSize = Mathf.SmoothDamp(
    cam.orthographicSize, need, ref vel, 0.25f);
```

पहिल्या दोन ओळींत लागणारी रुंदी आणि उंची, तिसरीत त्यांतली मोठी गरज, चौथीत मर्यादा आणि शेवटी स्प्रिंग. शेवटचा `0.25f` हा सेकंदातला वेळ आहे, आणि सगळा गेम कसा वाटेल हे बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर ठरतं. कॅमेऱ्याचा मध्यही अशाच स्प्रिंगने सरकवायचा असतो.

हळूहळू सरकणारा कॅमेरा लक्ष्याच्या मागे राहणारच. किती मागे, हे मात्र नेमकं सांगता येतं. पात्र एकाच वेगाने पळत राहिलं, तर या स्प्रिंगचा कॅमेरा ‘वेग गुणिले वेळ’ इतका मागे पडतो. पात्र सेकंदाला ८ मीटर पळत असेल आणि वेळ ०.२५ सेकंद असेल, तर २ मीटर. मोकळी जागा ३ मीटर ठेवली होती, त्यातले २ गेले आणि पळणाऱ्यापुढे १ मीटर उरला. दोघं एकाच दिशेने पळाले काय, विरुद्ध दिशांना पळाले काय किंवा एकच पळाला काय, हा हिशेब सारखाच येतो. मोकळी जागा किती ठेवावी याचं उत्तर यातच आहे: ती या पिछाडीपेक्षा मोठी हवी. कॅमेरा आणखी मऊ करावा म्हणून कुणी ०.२५ चे ०.५ केले, तर पिछाडी ४ मीटर होईल आणि पळणारा स्क्रीनबाहेर जाईल. मऊपणा हवा असेल, तर त्याची किंमत मोकळ्या जागेने चुकवावी लागते, म्हणजेच पात्रं थोडी लहान दिसू द्यावी लागतात.

झेप घेणारं पात्र असलं की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. सेकंदाला २० मीटर वेगाची, ०.२ सेकंदाची छोटी झेप घेतली, तरी थांबलेल्या स्थितीतून सुमारे ३.२ मीटर पिछाडी पडते. ३ मीटरच्या मोकळ्या जागेत ती मावत नाही. पळता पळता झेप घेतली, तर आणखी बिकट. पात्राच्या वेगावरून ते पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधून लक्ष्य आधीच पुढे सरकवता येतं, पण खेळाडूने दिशा उलटवली की तो अंदाजही उलटतो आणि कॅमेरा झोके खाऊ लागतो. दोन खेळाडू असताना मोकळी जागा वाढवणं हाच जास्त भरवशाचा मार्ग आहे.

आता असा एक दोष, जो बनवणाऱ्यांच्याही चटकन ध्यानात येत नाही. मध्य सरकवायला एक वेळ आणि झूमला दुसरा वेळ दिला, तर जो खेळाडू हललेलाच नाही तो कडेकडे ढकलला जातो. समजा, डावीकडचा उभा आहे आणि उजवीकडचा सेकंदाला ८ मीटर पळतो आहे. दोघांचा मध्य सेकंदाला ४ मीटर उजवीकडे सरकतो आणि चित्राची निम्मी रुंदीही सेकंदाला ४ मीटर वाढते. दोन्ही बरोबरीने चालले, तर चित्राची डावी कड जागच्या जागी राहते, आणि उभ्या खेळाडूला तसंच दिसायला हवं. पण मध्याला ०.१ सेकंद आणि झूमला ०.५ सेकंद दिले, तर मध्य फक्त ०.४ मीटर मागे असतो आणि निम्मी रुंदी २ मीटर. फरक १.६ मीटरचा. तेवढी डावी कड आत सरकते आणि उभ्या खेळाडूची ३ मीटरची जागा १.४ वर येते. थोड्या वेळाने ती परत रुंदावते. तक्रार येते ती ‘कॅमेरा डुगडुगतो’ अशी, आणि बनवणारा झूमचा कोड धुंडाळत बसतो. दोष झूममध्ये नसतो. मध्य आणि झूम यांची जोडी तुटलेली असते. झूम मागे जाताना दोन्हींचा वेळ एकच ठेवला की प्रश्न मिटतो.

झूम जवळ येताना मात्र ही शिस्त सैल करता येते आणि करावीही. मागे जायला उशीर झाला, तर कुणीतरी स्क्रीनबाहेर जातो. जवळ यायला उशीर झाला, तर फार तर चित्र गरजेपेक्षा थोडं मोठं राहतं. म्हणून मागे जाण्याला ०.२५ सेकंद दिले, तर जवळ येण्याला ०.८ सेकंद द्यायला हरकत नाही. शिवाय जवळ येण्याआधी थोडं थांबायचं: लागणारा आकार चालू आकाराच्या किमान १० टक्क्यांनी कमी झाला आणि अर्धा सेकंद कमीच राहिला, तरच हलायचं. दोघं लढताना सतत एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करत असतात. हा थांबा नसेल, तर सगळं चित्र त्या पावलांच्या तालावर मोठं-लहान होत राहतं आणि पाहणाऱ्याचं डोकं दुखू लागतं.

अशीच हालचाल उड्यांमुळेही होते. एक खेळाडू ८ मीटर खालच्या फळीवर उभा आहे आणि वरचा ३ मीटर उंच उड्या मारतो आहे. लागणारी उंची १४ मीटरवरून १७ वर जाते आणि परत येते, दर उडीला. कॅमेऱ्याने उडीतल्या पात्राच्या पायाखालची जागा पाहू नये. ते शेवटचं जिथे उभं होतं, ती उंची धरून ठेवावी आणि ते नव्या फळीवर टेकलं की मगच ती बदलावी. मात्र यामुळे उडीचा सर्वांत वरचा बिंदू वरच्या मोकळ्या जागेत मावला पाहिजे, म्हणून वर ३ ऐवजी ५ मीटर सोडलेले बरे. याला एक अपवाद आहे. पात्र धरून ठेवलेल्या उंचीच्या खाली पडू लागलं, की कॅमेऱ्याने लगेच मागे लागावं. पडणाऱ्याला खाली काय आहे हे दिसलंच पाहिजे.

सर्वांत मोठा हिसका बसतो तो एक जण मेल्यावर. दोघं २ आणि २२ मीटरवर आहेत, मध्य १२ वर. उजवा मेला आणि यादीतून नाहीसा झाला की त्याच क्षणी मध्य २ वर येतो. स्प्रिंग असली तरी ती हे १० मीटर कापताना सेकंदाला सुमारे २९ मीटरचा वेग गाठते, म्हणजे पळणाऱ्या पात्राच्या साडेतीन पटीहून जास्त. जिवंत खेळाडू नेमका त्याच वेळी एखाद्या खड्ड्यावरून उडी मारत असेल, तर जोडीदारापाठोपाठ तोही जातो. इथे स्प्रिंग आणखी मऊ करून भागत नाही, लक्ष्यच हळू बदलावं लागतं. प्रत्येक खेळाडूला १ ते ० असं वजन द्यायचं. मेलेल्याचं वजन सव्वा सेकंदात १ वरून ० वर आणायचं आणि तेवढ्या काळात त्याचा बिंदू जिवंत खेळाडूकडे सरकवत न्यायचा. मध्य मग १० मीटर सव्वा सेकंदात कापतो, म्हणजे सेकंदाला ८ मीटर. पळण्याचाच वेग, ज्याची डोळ्याला आधीच सवय असते. सरकवायला लागण्यापूर्वी अर्धा सेकंद थांबलं, तर मेलेल्याला आपण कशाने मेलो हेही दिसतं. तो परत येताना वजन तसंच ० वरून १ वर न्यायचं, आणि त्याला जोडीदाराजवळच उतरवायचं. युनिटीच्या सिनेमशीन या जोडसाधनात अनेक लक्ष्यांचा गट करून प्रत्येकाला वजन द्यायची सोय तयारच मिळते, पण ते वजन हळूहळू बदलण्याचं काम बनवणाऱ्यालाच करावं लागतं.

राहिला प्रश्न झूम संपल्यावरचा. निम्मी उंची १० मीटरला पोचली की चित्र ३५.६ मीटर रुंद होतं. मोकळी जागा वजा केली, तर दोघांमध्ये जास्तीत जास्त २९.६ मीटर अंतर राहू शकतं. त्यापुढे पुढच्याला अडवावंच लागतं. हा अडसर कुठे उभा करायचा यात बरेच जण फसतात. तो स्क्रीनच्या दिसणाऱ्या कडेवर उभा केला, तर कॅमेरा २ मीटर मागे असल्यामुळे अडसरही मागे राहतो. पात्र त्याला धडकून थांबतं, कॅमेरा पुढे येतो, अडसर सरकतो, पात्र पुन्हा चालू लागतं, पुन्हा धडकतं. हातात कंट्रोलर धरलेल्याला हे अडखळणं लगेच जाणवतं. अडसर कॅमेऱ्यावरून न मोजता जोडीदाराच्या जागेवरून मोजायचा आणि शेवटच्या ३ मीटरमध्ये पात्राचा वेग उतरवत आणायचा. मागे उभ्या असलेल्याला पुढच्याने कधीच ओढून नेऊ नये, कारण त्याच्या पुढ्यात खड्डा असू शकतो आणि तो चुकवण्याचा निर्णय त्याच्या हातात उरत नाही.

न अडवण्याचेही मार्ग आहेत. निन्टेन्डोच्या २००९ सालच्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये खेळाडू बटण दाबून बुडबुड्यात शिरतो आणि तरंगत इतरांकडे येतो. त्याच वर्षीच्या ‘लेगो इंडियाना जोन्स २’मध्ये दोघं लांब गेले की स्क्रीन दुभंगते आणि जवळ आले की सांधली जाते. दुभंगणं खटकू द्यायचं नसेल, तर ते घडतं त्या क्षणी दोन्ही अर्ध्यांतलं चित्र मिळून आधीच्या अखंड चित्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे. दोन्हींचा झूम तोच, दोन्ही पात्रं स्क्रीनवर त्याच जागी आणि मध्ये फक्त एक रेघ उमटलेली. अर्धे भाग त्यानंतर आपापल्या वाटेने जाऊ लागतात.

एवढं सगळं बसवूनही चित्र बारीक थरथरत असेल, तर कारण बहुधा क्रमात असतं. युनिटीत पदार्थविज्ञानाचा हिशेब मुळात सेकंदाला ५० वेळा होतो आणि चित्र मात्र ६० वेळा काढलं जातं. पात्र ५० च्या तालावर आणि कॅमेरा ६० च्या तालावर हलला, की काही फ्रेममध्ये पात्र जागचं हललेलं नसतं पण कॅमेरा हललेला असतो. म्हणून एक तर दोघांना एकाच तालावर ठेवायचं, नाही तर पात्राची जागा दोन हिशेबांच्या मधली काढून घ्यायची आणि कॅमेरा नेहमी पात्रांच्या नंतर, `LateUpdate` मध्ये हलवायचा.

दोष कुठला हे डोळ्यांनी ओळखणं अवघड असतं, पण आलेखावर ते सोपं जातं. खेळ चालू असताना झूमचं लक्ष्य आणि प्रत्यक्ष झूम हे दोन आकडे दर फ्रेमला नोंदवायचे आणि दोन रेषा काढायच्या. लक्ष्याच्या रेषेत उभी पायरी दिसली, तर कुणीतरी यादीत अचानक आलं किंवा गेलं आहे. तिच्यावर सारख्या अंतराने टेकड्या दिसल्या, तर उड्या कॅमेऱ्यापर्यंत पोचत आहेत. लक्ष्य सपाट असून प्रत्यक्ष झूमची रेषा करवतीसारखी असेल, तर तालात गडबड आहे. आणि दोन्ही रेषा स्वच्छ असूनही पात्र कडेबाहेर जात असेल, तर त्याचा वेग, स्प्रिंगचा वेळ आणि मोकळी जागा हे तीन आकडे पुन्हा मांडून पाहायचे.